"गट केले" दिसलं की स्ट्रॅटिफाइड? पीएसएमच्या पेपरातली दरवर्षीची एक चूक

प्रिलिमचे पेपर तपासायला बसलो की तिसऱ्या-चौथ्या गठ्ठ्यापर्यंत ही चूक पाठ होते. प्रश्नात "वॉर्ड पाडले", "विभागणी केली", "गट केले" असलं काहीही दिसलं, की उत्तर ठरलेलं: स्ट्रॅटिफाइड रँडम सॅम्पलिंग. खाली व्याख्या अगदी शुद्ध असते, फायदे-तोटे असतात, अधोरेखितही केलेले असतात. फक्त प्रश्न क्लस्टरचा असतो.

यंदा एक विद्यार्थिनी पेपर घेऊन भांडायलाच आली. "सर, गट तर दोन्हीकडे केलेत ना? मग मला शून्य का?" तिचा मुद्दा खोटा नव्हता. गट दोन्हीकडे असतात. शिकवताना आपण "स्ट्रॅटिफाइडमध्ये आतून सारखे, क्लस्टरमध्ये आतून वेगवेगळे" असं घोकून घेतो आणि पेपरातला प्रश्न नेमकं हेच सांगत नाही. लोक आतून सारखे आहेत की नाहीत, हे त्या चार ओळींवरून कुणाला कळणार?

म्हणून तपासायची गोष्ट दुसरी आहे. प्रश्न वाचून झाला की एवढंच विचारा: किती गट अजिबात उघडलेच नाहीत? प्रत्येक गटातून थोडे-थोडे घेतले, एकही गट वगळला नाही, तर स्ट्रॅटिफाइड. काही गट चिठ्ठीने उचलले आणि बाकीच्यांकडे फिरकलोच नाही, तर क्लस्टर. आणि गटांचा विचारच न करता सगळ्यांची एक यादी करून तिच्यातून माणसं उचलली, तर सिंपल रँडम.

तिला मी एकच उदाहरण तीन वेषांत करून दाखवलं. तेच इथे मांडतो.

एकाच आकड्यांचे तीन प्रश्न

समजा पुण्याच्या एका भागात 120 अंगणवाड्या आहेत, प्रत्येकीत 40 मुलं. एकूण 4,800. कमी वजनाच्या मुलांचं प्रमाण काढायचंय आणि नमुना हवाय 480 मुलांचा.

पहिला वेष: सगळ्या सेविकांची रजिस्टरं गोळा केली, 4,800 नावांना 1 पासून 4,800 पर्यंत क्रमांक दिले आणि रँडम नंबर टेबलातून 480 क्रमांक काढले. एकूण चार आकडी आहे, म्हणून टेबलही चार-चार आकड्यांत वाचायचं. समजा ओळीत 4831, 0957, 2260, 7714 आलं. 4831 सोडा, कारण यादी 4,800 ला संपते. 957 घ्या, 2260 घ्या, 7714 सोडा. आलेला क्रमांक पुन्हा आला तर तोही सोडा. हे झालं सिंपल रँडम. "टेबलातून क्रमांक निवडले" एवढं लिहून पोरं थांबतात. कोणते क्रमांक का सोडले ते दोन ओळींत लिहिलं, तर पद्धत खरंच येते हे तपासणाऱ्याला दिसतं.

दुसरा वेष: प्रत्येक अंगणवाडीच्या रजिस्टरातून चिठ्ठीने 4 मुलं. 120 गुणिले 4, पुन्हा 480. एकही अंगणवाडी वगळलेली नाही, म्हणून हे स्ट्रॅटिफाइड. इथे अंगणवाडी हाच स्ट्रॅटम आहे. "पण सर, स्ट्रॅटा म्हणजे वय, लिंग, उत्पन्न असं असतं ना?" हा पुढचा प्रश्न हमखास येतो. तसं काही नाही. जागाही स्ट्रॅटम होऊ शकते. गट कशावरून पाडला यावर नाव ठरत नाही, त्या गटाचं पुढे काय केलं यावर ठरतं.

तिसरा वेष: 120 अंगणवाड्यांच्या चिठ्ठ्या टाकून 12 उचलल्या आणि त्या बारांतल्या सगळ्याच्या सगळ्या 40 मुलांची वजनं केली. 12 गुणिले 40, परत 480. 108 अंगणवाड्या उघडल्याच नाहीत. हे क्लस्टर.

आता गंमत बघा. तिन्ही वेषांत एखादं मूल नमुन्यात येण्याची शक्यता किती? पहिल्यात 480 भागिले 4,800. दुसऱ्यात 4 भागिले 40. तिसऱ्यात 12 भागिले 120. तिन्हीकडे दहात एक. म्हणजे "प्रत्येकाला निवडलं जाण्याची समान संधी" ही सिंपल रँडमची जी व्याख्या सगळे लिहितात, ती या तिघांनाही लागू पडते. मग फरक कुठे राहिला?

फरक जोड्यांमध्ये आहे. एकाच अंगणवाडीत शेजारी बसणारी दोन मुलं घ्या. क्लस्टरमध्ये ती दोघं आली तर एकत्र येतील, नाहीतर दोघंही राहतील. स्ट्रॅटिफाइडमध्ये एकाच अंगणवाडीतली पाच मुलं एकत्र येणं अशक्य, कारण प्रत्येकीतून चारच घ्यायची आहेत. सिंपल रँडममध्ये असं कुठलंच बंधन नाही, 480 मुलांचा कुठलाही संच तितकाच शक्य आहे. व्याख्या लिहिताना "प्रत्येक व्यक्तीला समान संधी" याच्या पुढे "आणि त्या आकाराच्या प्रत्येक संभाव्य नमुन्यालाही समान संधी" हे जोडलं, की व्याख्या क्लस्टरपासून वेगळी होते.

मग 480 म्हणजे 480 का नाही

दुसरी चूक इथून सुरू होते. पद्धत बरोबर ओळखतात आणि नमुन्याचा आकार मात्र सिंपल रँडमच्या सूत्राने काढून मोकळे होतात.

समजा कमी वजनाचं प्रमाण 30 टक्के आहे. 480 मुलं सिंपल रँडमने घेतली तर स्टँडर्ड एरर म्हणजे 0.3 गुणिले 0.7 भागिले 480 याचं वर्गमूळ, साधारण 0.021. दुप्पट करा, उत्तर 30 अधिक-उणे 4 टक्क्यांच्या आसपास.

क्लस्टरमध्ये तेच धरता येत नाही. एका अंगणवाडीतली मुलं एकाच वस्तीतली, एकाच नळाचं पाणी पिणारी, बहुतेकांच्या आया एकाच तऱ्हेच्या कामावर जाणाऱ्या. पहिल्या पंधरा मुलांची वजनं बघितली की उरलेली पंचवीस काय सांगणार याचा निम्मा अंदाज आलेला असतो. म्हणजे मुलं 40, पण नवी माहिती 40 मुलांइतकी नाही. हे नुकसान मोजायला डिझाइन इफेक्ट:

`DEFF = 1 + (m - 1) × ICC`

इथे m म्हणजे एका क्लस्टरमधली माणसं आणि ICC म्हणजे एकाच क्लस्टरमधली माणसं एकमेकांसारखी असण्याचं माप. समजा ते 0.05 आहे. वरवर किरकोळ वाटतं. पण m आहे 40, म्हणून 1 अधिक 39 गुणिले 0.05, म्हणजे 2.95. 480 ला 2.95 ने भागा: 163. बारा अंगणवाड्यांत घाम गाळून 480 मुलं तोलली आणि हाती आलं 163 मुलांच्या सिंपल रँडम नमुन्याइतकं. अधिक-उणे 4 चं 7 झालं.

मग क्लस्टर करायचंच कशाला? कारण सिंपल रँडमचे ते 480 क्रमांक शहरभर विखुरतात. सरासरी प्रत्येक अंगणवाडीत चार मुलं येणार, एकही न येणारी अंगणवाडी फार तर दोन-तीन. म्हणजे वजनकाटा घेऊन जवळपास 118 ठिकाणी जायचं. क्लस्टरमध्ये बारा. एका स्कूटीवर दोन इंटर्न आणि पुण्याची वाहतूक, हा हिशोब ज्याने केलाय त्याला हा तोटा मान्य होतो.

दुसरं कारण यादीचं. सिंपल रँडम आणि स्ट्रॅटिफाइडला माणसांची पूर्ण यादी लागते, क्लस्टरला सुरुवातीला फक्त गटांची. प्रश्नात "कुटुंबांची यादी उपलब्ध नाही, गावांची आहे" असं वाक्य दिसलं तर ते सहज टाकलेलं नसतं, उत्तराकडे बोट दाखवायलाच टाकलेलं असतं. आणि यादी आहे म्हटलं तरी ती कुणाची, हे बघा. मतदार यादी वापरून पाच वर्षांखालच्या मुलांचा नमुना कसा काढणार? मोठ्यांसाठी वापरली तरी हिंजवडीच्या साइटवर पत्र्याच्या खोल्यांत राहणारे मजूर तिच्यात बहुधा नसतातच.

30 गुणिले 7 नेमकं कुठून येतं

लसीकरणाच्या व्याप्तीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची जुनी 30 क्लस्टर पद्धत हा पेपरातला लाडका प्रश्न. 30 क्लस्टर, प्रत्येकात 12 ते 23 महिन्यांची 7 मुलं, एकूण 210. हे पाठ सगळ्यांना असतं, आकडा आला कसा हे विचारलं की व्हायवात शांतता.

प्रमाण माहीत नाही म्हणून 50 टक्के धरा, कारण तिथे नमुना सर्वांत मोठा लागतो. चूक 10 टक्के अंकांपर्यंत चालेल, खात्री 95 टक्के. 1.96 चा वर्ग गुणिले 0.5 गुणिले 0.5, भागिले 0.1 चा वर्ग: 96. डिझाइन इफेक्ट 2 धरला, म्हणून 192. 30 ने भागलं तर 6.4. मूल काही 0.4 घेता येत नाही, म्हणून 7. त्यामुळे 210. (आपल्या पुस्तकांतलं 4pq/L² वापरलं तर 96 ऐवजी 100 येतात, दुप्पट 200, भागिले 30 म्हणजे 6.7, तरीही सातच.)

क्लस्टर निवडताना लोकसंख्येच्या प्रमाणात संधी द्यायची असते. गावांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या तर 400 वस्तीचा पाडा आणि 6,000 वस्तीचं गाव एकाच मापाने मोजल्यासारखं होईल. समजा एका तालुक्याच्या निवडलेल्या भागाची लोकसंख्या 1,20,000. भागिले 30 म्हणजे अंतर 4,000. 1 ते 4,000 मधला एक रँडम क्रमांक काढला: 2,650. यादीची सुरुवात अशी:

| गाव | लोकसंख्या | बेरीज होत गेलेली | निवड |
|---|---|---|---|
| अ | 1,800 | 1,800 | नाही |
| ब | 2,400 | 4,200 | 2,650 |
| क | 900 | 5,100 | नाही |
| ड | 6,300 | 11,400 | 6,650 आणि 10,650 |
| इ | 1,500 | 12,900 | नाही |

2,650 हा आकडा 1,800 च्या पुढे आणि 4,200 च्या आत, म्हणून पहिला क्लस्टर ब. त्यात 4,000 मिळवा, 6,650: ड. आणखी 4,000, 10,650: परत ड. इथे पोरं गडबडतात आणि "हे गाव आधीच आलंय" म्हणून पुढच्या गावावर उडी मारतात. तसं करायचं नाही. ड मध्ये दोन क्लस्टर, म्हणजे 14 मुलं. मोठ्या गावाला दोनदा संधी मिळणं हाच या पद्धतीचा हिशोब आहे. पुढचा आकडा 14,650, तो इ च्याही पलीकडे. असं तीस होईपर्यंत.

आणि प्रत्येक क्लस्टरमध्ये सारखीच सात मुलं का? मोठ्या गावाला निवडलं जाण्याची शक्यता जास्त, पण तिथे मुलंही जास्त, त्यामुळे सातात येण्याची शक्यता कमी. दोन्हींचा गुणाकार साधारण सगळीकडे सारखा येतो आणि उत्तराला वेगळं वेटेज लावावं लागत नाही.

घरं निवडायची जुनी रीत म्हणजे वस्तीच्या मध्यावर उभं राहून पेन फिरवायचं, ते दाखवेल त्या दिशेची घरं कडेपर्यंत मोजायची, त्यातलं एक रँडम निवडायचं आणि तिथून शेजारच्या दाराने पुढे सरकत सात मुलं पुरी करायची. इंटर्नशिपमध्ये पर्वतीच्या उतारावरच्या एका वस्तीत मी हे केलंय. पेन एका वहीवर फिरवलं, त्याने टेकडीकडे तोंड केलं, त्या बाजूला चार घरांनंतर भिंतच. परत फिरवलं तर नाला. तिसऱ्यांदा मात्र ते "बरोबर" रुंद बोळाकडे वळलं, आणि नमुना रँडम राहिला नाही हे मला तेव्हा कळलंही नाही, कारण कडेच्या, अडचणीच्या घरांना मी हळूच वगळून टाकलं होतं. ही कमजोरी माझ्यापुरती नाही, त्या रीतीचीच आहे. मध्याजवळच्या घरांना जास्त संधी मिळते. 2018 च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेने म्हणूनच आधी घरांची यादी करून संभाव्यतेने निवड करायला सांगितलं. पेपरात 30 गुणिले 7 विचारलं तर तेच लिहा, पण मर्यादा विचारल्या की हे लिहा.

आणखी एक मर्यादा पेपरात वेष बदलून येते. "एका क्लस्टरमध्ये 7 पैकी 4 मुलांचं लसीकरण पूर्ण, तर त्या गावाची व्याप्ती सांगा." सांगता येत नाही. 210 मिळून त्या सगळ्या भागाचं एक उत्तर मिळतं, तेही अधिक-उणे 10 ने. सात मुलांवरून गावाला टक्के चिकटवायचे नसतात.

स्ट्रॅटिफाइडची स्वतःची खोड

पुन्हा त्या 4,800 मुलांकडे. आता गट असे: वस्तीतली 3,000, सोसायट्यांच्या आसपासची 1,500, बांधकाम मजुरांच्या वसाहतींतली 300. प्रमाणात नमुना घेतला तर 300, 150 आणि 30. मजुरांची तीसच मुलं, त्यांच्याबद्दल ठामपणे काय बोलणार? म्हणून प्रत्येक गटातून 160 घेतली. हेही स्ट्रॅटिफाइडच, फक्त प्रमाणात नाही.

समजा कमी वजनाची निघाली 48, 24 आणि 80. म्हणजे 30, 15 आणि 50 टक्के. आता एकूण प्रमाण किती? दहापैकी आठ जण 152 भागिले 480 करतात, 31.7 टक्के. चुकलं. मजुरांची मुलं खरी 4,800 पैकी 300 आहेत आणि आपण त्यांना नमुन्याचा तिसरा हिस्सा दिलाय. प्रत्येक गटाचं प्रमाण त्याच्या खऱ्या आकाराला लावा: 3,000 पैकी 900, 1,500 पैकी 225, 300 पैकी 150. बेरीज 1,275, भागिले 4,800, म्हणजे 26.6 टक्के. उत्तर तपासायची खूण सोपी आहे: गटांच्या नमुन्याचे आकडे आणि गटांची खरी लोकसंख्या एकाच प्रमाणात नसेल, तर सरळ बेरीज करून भागलेलं उत्तर खोटं.

सरमिसळीचे प्रश्न

"पुणे जिल्ह्याचे डोंगरी आणि सपाट असे दोन भाग केले. दोन्ही भागांतून प्रत्येकी 15 गावं चिठ्ठीने निवडली. प्रत्येक गावात 20 घरं यादीतून रँडम निवडली." नाव काय?

तोच प्रश्न पायरीगणिक विचारा. डोंगरी-सपाट यातला कुठला भाग वगळला? कुठलाच नाही, म्हणून तिथे स्ट्रॅटिफिकेशन. गावं वगळली? बरीच, म्हणून तिथे क्लस्टर. निवडलेल्या गावातली सगळी घरं घेतली? नाही, परत निवड केली, म्हणून दोन टप्पे. उत्तर: स्ट्रॅटिफाइड टू-स्टेज क्लस्टर सॅम्पलिंग. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा सांगाडाही स्ट्रॅटिफाइड टू-स्टेजच आहे. पाचव्या फेरीत, 2019-21 ला, निवडलेल्या प्रत्येक क्लस्टरमधून 22 घरं सिस्टिमॅटिक पद्धतीने घेतली होती.

सिस्टिमॅटिक म्हणजे यादीतला दर दहावा वगैरे, फक्त सुरुवात रँडम. त्याला सिंपल रँडम म्हणू नका. आणि "ओपीडीत सोमवारी आलेले रँडम 50 पेशंट" हा तर यातला कुठलाच प्रकार नाही. आपण बोलताना "रँडम" म्हणजे "मिळेल तो" असं म्हणतो, तेवढाच त्या वाक्यातला रँडमपणा. ते कन्व्हीनियन्स.

ती विद्यार्थिनी शेवटी म्हणाली, "म्हणजे माझ्या पेपरात बारा शाळा निवडल्या होत्या आणि बाकीच्या अठ्ठेचाळीस तशाच राहिल्या, म्हणून." मी पेपर परत काढला. व्याख्या तिने स्ट्रॅटिफाइडची लिहिली होती, पण खाली आकृतीत बारा गोल रंगवले होते आणि उरलेले कोरे सोडले होते. आकृती बरोबर होती. तिला मी एक मार्क दिला.